आठ वाक्यांची पाठवणी

माझ्या पुतणीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी दादाने मला दोन फुलस्केप पानं वाचायला दिली. पाठवणीच्या वेळी त्याला हे बोलायचं होतं. तिचा जन्म, बालवाडी, कॉलेज, नोकरी, केटररचे आभार, आणि शेवटी हात जोडून ‘काही कमीजास्त झालं असल्यास पदरात घ्या’. मी मोठ्याने वाचून घड्याळ लावलं, तर सात मिनिटं झाली. गाडी दारात उभी, बँड वाजतोय, मुलीच्या हातात ओटीचा नारळ. अशा वेळी सात मिनिटं कोणालाच झेपत नाहीत, बोलणाऱ्या बापाला तर नाहीच.

खरं म्हणजे हे भाषण आपल्या लग्नात आधीपासून आहे. झाल, म्हणजे ऐरणीदान, आपण सगळ्यांनी पाहिलंय. वेळूची पाटी, तिच्यात पेटवलेले दिवे, आणि ती पाटी वराकडच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्याला लावायची. त्या वेळी गुरुजी वधूपित्याच्या तोंडी एक छोटा श्लोक देतात. त्याचा अर्थ असा: आठ वर्षांची ही मुलगी मी मुलासारखी वाढवली, आता तुमच्या मुलाला दिली, तिला मायेनं सांभाळा. आठ वर्षांची मुलगी त्या काळाची. ते सोडून द्या. पण बांधणी पाहा. मी काय केलं, आता काय घडलं, तुम्ही काय करावं, एवढंच. अडचण इतकीच की श्लोक संस्कृतात असतो, गुरुजींच्या मागून म्हणायचा असतो आणि भोवती व्हिडिओवाल्याची गडबड असते. बाप ते बोलला, हे कोणाच्या कानावरच पडत नाही. म्हणून तेच आपल्या भाषेत, दारात उभं राहून पुन्हा सांगावंसं वाटतं.

याचा सगळ्यात मोठा नमुना कालिदासाचा आहे. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात कण्व ऋषी शकुंतलेची पाठवणी करतात. ते तिचे जन्मदाते नव्हेत, पालक पिता. गळा भरून आलाय, डोळ्यांपुढे धूसर झालंय, हे ते लपवत नाहीत. आमच्यासारख्या वनवाशाची ही गत, तर संसारी माणसांचं काय होत असेल, असं स्वतःशीच म्हणतात. मग सावरतात आणि आधी दुष्यंतासाठी निरोप सांगतात, मुलीशी त्यानंतर बोलतात. त्या निरोपातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इतर राण्यांइतकाच मान हिला दे, एवढं मागून ते थांबतात; यापुढचं नशिबावर आहे आणि ते वधूकडच्यांनी बोलायचं नसतं, असं सांगतात. कुठे थांबायचं हे कळलेला बाप तो.

दादाच्या पानांवर आम्ही याच हिशोबाने पेन्सिल चालवली. आभार रिसेप्शनकडे गेले. ‘पदरात घ्या’ मी खोडायला लावलं आणि त्यावर आमचा वादही झाला. दादाच्या मते ती रीत आहे. माझं म्हणणं असं की, ज्या मुलीला मान मिळावा म्हणून आपण बोलतोय, तिच्याच देखत बापाने अपराध्यासारखे हात जोडू नयेत. ‘तिला काही येत नाही, सांभाळून घ्या’ हेही त्याच जातीचं. ते तर खोटंच असतं. त्याऐवजी सासरच्यांना खरोखर उपयोगी पडेल असं एक वाक्य ठेवलं.

शेवटी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर राहिलं ते असं:

‘विहीणबाई, व्याहीबुवा, आमची लेक आता तुमच्याही घरची झाली. ती मनातलं पटकन बोलत नाही. गप्प बसली की समजा, काहीतरी आहे. जावईबापू, तुम्ही दोघं एकमेकांना विचारून चालता, हे वर्षभर पाहतोय, त्यामुळे मी निर्धास्त आहे. बाळा, दहावीच्या वर्षी पहाटे साडेचारला तू दोन कप चहा ठेवायचीस. मी जागा आहे हे तुला न सांगता कळायचं. घराची किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे, ती परत करायची नाही. सुखात राहा.’

आठ वाक्यं, थांबत थांबत बोललं तरी मिनिटभराची. लहानपणाच्या सगळ्या आठवणींतून फक्त चहा उरला, कारण तो डोळ्यांपुढे दिसतो. ‘तू आमच्या काळजाचा तुकडा’ हे कोणताही बाप म्हणू शकतो. दोन कप चहा त्या घरातलाच.

चहाच्या पुढे आणखी एक वाक्य होतं: ‘उद्यापासून मी एकच कप ठेवीन.’ ते गेलं. दादाने तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि तिन्हीदा तिथेच त्याचा आवाज बसला. मनात वाचताना हे कळत नाही. मोठ्याने म्हणावंच लागतं. तालमीत जिथे गळा दाटतो तिथे तो त्या दिवशी नक्की दाटतो. यामागे साधं शरीर आहे. भावना अनावर झाली की जास्त हवा आत यावी म्हणून स्वरयंत्राची फट उघडी राहू पाहते. आपण आवंढा गिळतो तेव्हा ती मिटावी लागते. या ओढाताणीचाच तो घशातला गोळा. म्हणून तो जोर लावून बोलल्याने उतरत नाही. थांबायचं, श्वास हळूहळू सोडायचा, पाण्याचा एक घोट घ्यायचा आणि पुढच्या शब्दाला लागायचं. ‘सॉरी’ म्हणायचं नाही. ऐकणाऱ्यांना ते थांबणं अजिबात खटकत नाही.

जागा आणि वेळही आधी ठरवावी. ओटी भरून झाली की मुलगी मोठ्यांच्या पाया पडायला लागते, त्याच्या आधी बोलावं. एकदा ती वाकून बापाच्या गळ्यात पडली, की पुढे कोणालाच बोलता येत नाही. माइक नको, भोवती तीसेक माणसं असतात, त्यांना साधा आवाज पुरतो. मात्र बँडवाल्याला आधी सांगून ठेवावं. पी. सावळाराम यांचं, लताबाईंनी गायलेलं पाठवणीचं ते गाणं सुरू झालं की सगळं मांडव हमसून रडतं, आणि त्यावर बोलणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. आणि पुठ्ठ्याची एक प्रत मामाच्या खिशात असू द्यावी. बापाला नाहीच जमलं, तर त्याने उरलेलं वाचावं.

दादा पाचव्या वाक्यापाशी, ‘बाळा’ म्हणून थांबला. नजर मुलीच्या डोळ्यांवर न ठेवता कपाळावर ठेवायची, हे ठरलं होतं, ते तो विसरला. बराच वेळ गेला. वहिनीने पाण्याचा पेला पुढे केला, त्याने तो नुसता हातात धरला आणि चहाचं वाक्य पूर्ण केलं. किल्लीवर पुतणी रडता रडता हसली. मामाच्या खिशातली प्रत खिशातच राहिली.

येत्या मोसमात ज्यांच्या घरी मुलीचं लग्न आहे, त्या वडिलांना एकच विनंती. लिहिलेलं आधी बायकोला मोठ्याने वाचून दाखवा. कोणती आठवण ठेवायची आणि कोणती तुम्हाला बोलवणार नाही, हे तिला तुमच्याआधी कळतं.