जास्त व्याज देतो म्हटले तरी बँक नाही का म्हणते?

“साहेब, व्याज जास्त घ्या, पण कर्ज द्या,” असे सांगूनही बँक नकार देते, तेव्हा तो हट्टच वाटतो. त्यामागे हिशोब असतो.

समजा, आठ शेतकऱ्यांना प्रत्येकी १०,००० रुपये वर्षभरासाठी २० टक्क्यांनी दिले. चौघे भात लावतात. त्यांना १२,५०० नक्की मिळतात. चौघे टोमॅटो लावतात. तिघांना १८,००० मिळतात, एकाचे सगळे बुडते. कोण काय लावणार, हे बँकेला आधी कळत नाही. सात जण १२,००० प्रमाणे फेडतात. ८०,००० चे ८४,००० होतात.

आता व्याज ३० टक्के करा. परतफेड १३,००० झाली. भातवाल्यांना ते परवडत नाही, ते कर्जच घेत नाहीत. टोमॅटोवाल्यांपैकी तिघेच फेडतात, म्हणजे ४०,००० चे ३९,०००. व्याज वाढले आणि बँक तोट्यात गेली!

म्हणून पैसे कमी पडले तरी बँक दर वाढवत नाही; काहींना परत पाठवते. त्यांत नेमाने फेडणारेही सापडतात. स्टिग्लिट्झ आणि वाइस या अर्थतज्ज्ञांनी १९८१ साली हे मांडले. बचत गटात मात्र कोण काय लावतो हे शेजाऱ्यांना ठाऊक असते, आणि एकाचा हप्ता चुकला तर बाकीच्यांना तो भरावा लागतो. त्यामुळे निवड बँकेऐवजी गटच करतो.