कंपनीला लिहायचे चार ओळींचे पत्र

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या वार्षिक अहवाल आता बहुतेक ईमेलनेच पाठवतात. मात्र भागधारकाने मागितल्यास छापील प्रत द्यावी लागते, असा सेबीचा नियम आहे. त्यासाठी गुंतवणूकदार संपर्क विभागाला छोटे पत्र पुरते.

पत्रात खात्याची ओळख अचूक हवी. कागदी शेअर असतील तर फोलिओ क्रमांक, डिमॅट असतील तर डीपी आयडी आणि क्लायंट आयडी. ‘मी आपला जुना भागधारक आहे’ एवढ्यावर कोणी नोंद शोधत बसत नाही. ‘2024-25 चा अहवाल’ असे वर्षही लिहावे.

रजिस्ट्रारचा पत्ता विचारण्याची गरज मुख्यतः कागदी शेअर असलेल्यांना पडते. समजा, कपाटात वडिलांच्या नावाचे 1994 चे प्रमाणपत्र सापडले. त्यावरच्या पत्त्यावर पाठवलेले पाकीट परत येऊ शकते, कारण दरम्यान कंपनीने रजिस्ट्रार बदललेला असतो. म्हणून सध्याच्या रजिस्ट्रारचे नाव, पत्ता आणि ईमेल त्याच पत्रात मागावा. प्रमाणपत्राची मूळ प्रत मात्र सोबत जोडू नये.

डिमॅटधारकाचा पत्ता बदलला असेल तर रजिस्ट्रारला लिहून उपयोग नाही. तो बदल ज्याच्याकडे डिमॅट खाते आहे त्या बँकेत किंवा ब्रोकरकडेच करावा लागतो.