नाव घ्यायचं राहून गेलं तर?

बकरी धारदार सुरीने कापली आहे. कापणारा मुसलमान आहे. श्वासनळी, अन्ननळी आणि मानेच्या दोन्ही शिरा तुटून रक्त वाहून गेलं आहे. फक्त सुरी फिरवताना ‘बिस्मिल्ला’ म्हणायचं राहून गेलं. हे मांस हलाल की हराम? इस्लामी न्यायशास्त्र घडत होतं त्या शतकांत या एका प्रश्नाला तीन उत्तरं मिळाली.

आठव्या शतकात कुफ्याचे अबू हनीफा आणि मदिनेचे मालिक यांचं म्हणणं जवळपास सारखं होतं: विसरला असेल तर हलाल, जाणूनबुजून टाळलं तर हराम. शाफई (मृत्यू 820) म्हणाले, नाव घेणं सुन्नत आहे, अट नाही. राहिलं तरी मांस हलालच. शब्दार्थाला धरून चालणारे जाहिरी मात्र विसरणाऱ्यालाही सूट देईनात.

मतभेद का झाला, हे मला सगळ्यांत नीट उलगडून दाखवलं ते बाराव्या शतकातल्या कॉर्डोबाच्या इब्न रुश्द यांनी. ‘बिदायतुल मुज्तहिद’ या ग्रंथात ते निकालापाशी थांबत नाहीत, निकालाचं मूळ शोधतात. इथे दोन आधार समोरासमोर येतात. कुराणातल्या ‘अनआम’ या सूरेची 121वी आयत सांगते की, अल्लाचं नाव न घेतलेलं खाऊ नका. उलट हदीस अशी: लोकांनी पैगंबरांना विचारलं, नवमुस्लिम आम्हाला मांस आणून देतात, त्यांनी नाव घेतलं की नाही ठाऊक नाही. पैगंबर म्हणाले, तुम्ही नाव घ्या आणि खा.

मालिक यांनी ही हदीस स्वतःच्या ‘मुवत्ता’मध्ये नोंदवली आणि पुढे लिहिलं, हे इस्लामच्या सुरुवातीचं आहे. म्हणजे त्यांच्या लेखी नंतरच्या आयतीने ही सवलत संपली. शाफईंच्या बाजूने उत्तर कालक्रमाचंच आहे: आयत मक्केतली, प्रसंग मदिनेतला. मग आधीची आयत नंतरची हदीस रद्द कशी करील? म्हणून त्यांनी आयतीतला हुकूम सक्तीचा न मानता इष्ट मानला. विसरणाऱ्याला मिळालेली सूट आली ती तिसऱ्याच आधारातून, एका वेगळ्या हदीसमधून: माझ्या उम्मतीची चूक आणि विसर माफ आहे.

शाफईंची कालगणना मला पटते, पण नवमुस्लिमांच्या मांसाच्या त्या हदीसचा आवाका लहान आहे, हेही दिसतं. विचारणाऱ्यांना नाव घेतलं की नाही हेच माहीत नव्हतं. त्यांना फक्त शंका होती. मुद्दाम टाळल्याची खात्री असेल तेव्हा काय, याचं उत्तर त्यात नाही, आणि हनफी पंडित नेमकं तिथेच बोट ठेवतात.

अरबी समुद्रावरच्या व्यापाराबरोबर शाफई मत कोकणात रुजलं, घाटावर बहुतेक हनफी. म्हणून नाव जाणूनबुजून टाळलं असेल, तर आपल्याकडे घाटाच्या दोन बाजूंना या बकरीबद्दल दोन निकाल मिळू शकतात. बाजारातून मांस आणणाऱ्याला मात्र दोघेही एकच सांगतात: कापणारा मुसलमान असेल, तर त्याने नाव घेतलं का, याची चौकशी करायची गरज नाही.