लांब दाणा म्हणजे बासमती नव्हे; वेष्टनावरील ‘जुना’, ‘सेला’ या शब्दांचा अर्थ काय?

समथर (जि. झाशी) : किराणा दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पोत्यांतील तांदूळ सारखाच लांब, पांढरा आणि बारीक दिसतो. एकावर ‘बासमती’ लिहिलेले असते, तर दुसऱ्यावर ‘सुगंधी लांब दाणा’. दरात मात्र मोठा फरक असतो. हा फरक नेमका कशाचा आणि तो ग्राहकाने ओळखायचा कसा, हे समजण्यासाठी बुंदेलखंडातील समथरचा परिसर बोलका आहे, कारण बासमती या नावाचा वाद या गावाच्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे.

समथर हे उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्याच्या मोंठ तालुक्यातील जुने संस्थानी गाव. पश्चिमेकडे थोड्याच अंतरावर मध्य प्रदेशातील दतिया जिल्हा सुरू होतो. बासमतीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात पंजाब, हरियाणा, दिल्ली, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, जम्मू भागातील काही जिल्हे आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील निवडक जिल्हे यांचा समावेश आहे. इटावा आणि औरैया या यादीत आहेत, झाशी नाही. दतियासह आपल्या १३ जिल्ह्यांचा समावेश व्हावा, यासाठी मध्य प्रदेश सरकारने न्यायालयीन लढा दिला. मद्रास उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली होती. मात्र २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की पुसा बासमती ११२१ या वाणाचे एकच बियाणे इटाव्यात आणि समथरमध्ये पेरले, तर मानांकनानुसार पहिल्या शेतातील तांदळालाच ‘बासमती’ म्हणता येते. म्हणजे बासमती ठरण्यासाठी वाण आणि प्रदेश या दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. दाणा कोणत्या प्रदेशातला, हे डोळ्यांना दिसत नाही. वाणाचा अंदाज मात्र घरीही घेता येतो.

लांबी किती असावी?

बासमती वाणांसाठीच्या सरकारी निकषांनुसार कच्च्या, सडलेल्या दाण्याची सरासरी लांबी किमान ६.६१ मिलिमीटर आणि रुंदी दोन मिलिमीटरपर्यंत असावी लागते. लांबी ही रुंदीच्या किमान साडेतीन पट हवी. अडचण अशी, की शरबतीसारखे बासमतीतर वाणही या मोजमापात सहज बसतात. त्यामुळे आखूड दाणा ‘बासमती नाही’ एवढे सांगू शकतो, पण लांब दाणा ‘बासमती आहे’ असे सिद्ध करू शकत नाही.

वासाचेही तेच आहे. बासमतीच्या सुवासामागे जे प्रमुख रासायनिक संयुग आहे, तेच आपल्याकडील आंबेमोहोरातही असते. आंबेमोहोराचा दाणा मात्र आखूड असतो आणि भात मऊ होतो. म्हणून सुवासही एकट्याने पुरावा ठरत नाही.

बासमतीची खरी खूण शिजल्यावर दिसते. हा दाणा जाडीत फारसा न फुगता लांबीत वाढतो. शिजलेल्या दाण्याची लांबी कच्च्या दाण्याच्या किमान १.७ पट व्हावी, अशी अपेक्षा असते. इतर बहुतेक तांदूळ शिजताना आडवे फुगतात, त्यांची टोके फाटतात आणि दाणे एकमेकांना चिकटतात.

घरी कसे मोजावे?

न तुटलेले दहा दाणे निवडून पट्टीलगत एकापुढे एक लावावेत. समजा, एकूण लांबी ७२ मिलिमीटर भरली, तर सरासरी ७.२ झाली. तेच दाणे कुशीला कूस लावून मोजले आणि १८ मिलिमीटर भरले, तर रुंदी १.८. म्हणजे लांबी रुंदीच्या चौपट. आता हे दाणे वीस मिनिटे भिजवून भरपूर उकळत्या पाण्यात झाकण न ठेवता शिजवावेत. दाणा बोटांत दाबल्यावर मध्ये पांढरा कडक ठिपका राहिला नाही, की पाणी निथळून घ्यावे. कुकर वापरू नये. त्यात दाणे तुटतात. शिजलेले दहा दाणे १२८ मिलिमीटर भरले, तर वाढ सुमारे १.७८ पट झाली आणि बासमतीचा दावा पटण्याजोगा आहे. दुसऱ्या पोत्यातील सात मिलिमीटरचा दाणा शिजून साडेदहाच झाला, तर वाढ दीडपट ठरते. तेथे शंका घ्यावी.

वेष्टनावरील शब्द

‘जुना’ हा शब्द वाण सांगत नाही, साठवण सांगतो. काही महिने ते दोन वर्षे ठेवलेल्या तांदळातील ओलावा कमी होतो, दाणा कडक होतो, जास्त पाणी शोषतो, अधिक लांब वाढतो आणि भात मोकळा होतो. नवा तांदूळ अस्सल बासमती असूनही चिकट होऊ शकतो, हे वरील चाचणी करताना लक्षात ठेवावे. मात्र कोणताही तांदूळ जुना करता येतो. वेष्टनावरील तारीख पाकीट भरल्याची असते, कापणीची नव्हे. म्हणून वेष्टनावर पीकवर्ष दिले आहे का, ते पाहावे; नसल्यास दुकानदाराला विचारावे.

‘सेला’ म्हणजे कोकणात ज्याला ‘उकडा’ म्हणतात तोच प्रकार. साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग सडली जाते. त्यामुळे दाण्यावर पिवळसर झाक येते, तो सहसा तुटत नाही आणि बिर्याणीत मोकळा राहतो. कोंड्याजवळची काही जीवनसत्त्वेही दाण्यात उतरतात. मात्र सुवास मंदावतो आणि भिजवण्यास व शिजण्यास जास्त वेळ लागतो. बासमतीतर तांदळाचाही सेला होतो. तो मोकळा शिजतो म्हणून बासमती समजणे ही नेहमीची फसगत आहे. सेल्याची तुलना सेल्याशीच करावी, साध्या तांदळाशी नव्हे.

‘तिबार’, ‘दुबार’ आणि ‘मोगरा’ हे शब्द तुटलेल्या दाण्यांच्या उतरत्या आकारमानाचे आहेत. त्यांना लांबीची चाचणी लागू पडत नाही, म्हणूनच भेसळीला तेथे अधिक वाव राहतो.

शंका आल्यास

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची बासमतीसाठीची स्वतंत्र मानके १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार सुवास नैसर्गिक असावा लागतो. कृत्रिम सुगंध, रंग आणि चकाकी आणणारी द्रव्ये यांना मनाई आहे. इतर तांदळाच्या मिसळीवरही मर्यादा आहे. कोरडे दाणे तळहातावर चोळल्यावर उग्र वास आला आणि शिजवताच तो नाहीसा झाला, तर वरून सुगंध लावल्याची शंका घेण्यास जागा आहे.

घरगुती मोजणी हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. वाणाचा निर्णय डीएनए तपासणीनेच होतो. मेरठजवळील मोदीपुरम येथील बासमती निर्यात विकास प्रतिष्ठानच्या प्रयोगशाळेत अशी तपासणी होते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून खरेदी केलेल्या अन्नपदार्थाचे विश्लेषण करून घेता येते. मात्र त्याची सूचना खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला द्यावी लागते. पावती आणि मूळ वेष्टन जपून ठेवावे. खरेदी करताना मोठ्या अक्षरांतील ‘बिर्याणी स्पेशल’ न पाहता, लहान अक्षरांत पदार्थाचे नाव ‘बासमती तांदूळ’ असे दिले आहे का, ते आधी वाचावे.