लेखकभेटीची कॅप्शन

पुस्तकांच्या दुकानातल्या लेखकभेटीची जाहिरात आता बहुतेक वेळा इन्स्टाग्रामवरचे एक चित्र आणि त्याखालची कॅप्शन एवढ्यावरच होते. कॅप्शनला २,२०० अक्षरांची मुभा असली, तरी वाचकाला आधी दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळीच. लेखकाचे पुरस्कार आणि पुस्तकाची थोरवी सांगण्यात त्या ओळी गेल्या, की वार आणि वेळ झाकल्या जातात.

समजा, दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका कादंबरीकार लेखिकेशी गप्पा आहेत आणि खुर्च्या चाळीस मांडता येतात. कॅप्शन अशी होऊ शकते :

‘शनिवार, १४ नोव्हेंबर, सायं. ६ : नव्या कादंबरीविषयी लेखिकेशी गप्पा. प्रवेश विनामूल्य, नोंदणी आवश्यक, जागा ४०. दार ५.३० ला उघडेल. नोंदवलेली खुर्ची ५.५० पर्यंत राखून ठेवू. त्यानंतर रिकाम्या खुर्च्या थेट आलेल्यांना देऊ. एका नोंदणीवर एकच जागा. नोंदणीची लिंक बायोमध्ये. गप्पा ७ पर्यंत, मग पुस्तकांवर स्वाक्षऱ्या. कार्यक्रम वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही.’

तारखेसोबत वार असला की चुकीची तारीख पडली तरी लगेच लक्षात येते. नुसते ‘६ वाजता’ लिहिल्यास सहाला दार उघडणार की गप्पा सुरू होणार, हे कळत नाही. म्हणून दोन्ही वेळा हव्यात. लिंक बायोमध्ये असते, कारण इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक सहसा दाबून उघडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ जागांच्या वाक्यात होतो. ‘नोंदणी आवश्यक’ आणि ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ ही दोन वाक्ये सर्रास शेजारी छापली जातात आणि एकमेकांना खोटे पाडतात. नाव नोंदवून पावणेसहाला पोचलेल्याची खुर्ची साडेपाचला आलेल्याने घेतली असेल, तर दारातल्या माणसाकडे उत्तर नसते. दुसरीकडे, प्रवेश फुकट असला की नाव नोंदवूनही न येणारे असतातच. ५.५० ची मर्यादा या दोन्ही अडचणींसाठी आहे : तोवर नोंदणीचा मान राहतो आणि नंतर खुर्ची रिकामी राहत नाही. मर्यादा गप्पांच्या दहा मिनिटे आधीची हवी, म्हणजे लेखिका बोलू लागल्यावर खुर्च्या सरकत नाहीत. ‘एका नोंदणीवर एकच जागा’ हे लिहिले नाही, तर चाळीस नावांवर साठ माणसे येऊ शकतात.

नोंदणी भरली की कॅप्शनच्या सुरुवातीला ‘जागा भरल्या, प्रतीक्षायादी सुरू’ असे घालता येते. चित्र मात्र पोस्ट झाल्यावर बदलता येत नाही. त्यामुळे चित्रावर नाव, वार, वेळ, पत्ता एवढेच ठेवावे आणि जागांचा हिशेब कॅप्शनकडे सोपवावा. तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो आणि त्या प्रती दुकानाला दुरुस्त करता येत नाहीत. तिथून येणाऱ्यांसाठी नोंदणीचा फॉर्मच बंद करून त्यावर प्रतीक्षायादीची सूचना लावावी लागते.