आधी डाग ओळखा, मग बाटली उघडा

कपड्यावर डाग दिसला की हात आपोआप ब्लीचच्या बाटलीकडे जातो. निदान तांबूस डागाच्या बाबतीत तरी तो हात आवरायला हवा. पांढरा सुती शर्ट लोखंडी तारेवर वाळत घातला आणि खांद्यावर गंजाची रेघ उमटली, तर ब्लीचने ती जात नाही. गंज म्हणजे ऑक्सिजनशी संयोग झालेलं लोखंडच. ब्लीच ऑक्सिडीकरणच करतं, त्यामुळे त्या लोखंडाला सुटण्याची वाट मिळत नाही. उलट लोखंडाच्या सान्निध्यात ब्लीच सुती धाग्यावर जास्त जोमाने काम करतं, धागा कमजोर होतो आणि पुढच्या काही धुण्यांत नेमकं तिथेच भोक पडतं. साबणाचाही इथे उपयोग नाही, कारण गंज अल्कलीत विरघळत नाही. त्याला आम्ल लागतं.

आम्लांतही लिंबातलं सायट्रिक ॲसिड जास्त उपयोगी, कारण ते सुटलेल्या लोखंडाला धरून ठेवतं आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतात ते याचेच खडे. कपभर गरम पाण्यात चमचाभर लिंबूफूल विरघळवा, डागाचा भाग त्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि भरपूर पाण्याने खळबळून घ्या. रेघ फिकट झाली पण गेली नाही, तर तेच पुन्हा करा. जोर लावून घासण्यापेक्षा हे बरं. रंगीत कपडा असेल तर आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहावा, काही रंग आम्लाने उतरतात. आम्ल आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

वंगणाच्या डागाला आम्ल काहीच करत नाही. तिथे साबण हवा, आणि तोही कोरड्या कापडावर. आपण सवयीने कपडा आधी भिजवतो. पाणी धाग्यांत शिरून बसलं की साबण पातळ होतो आणि तेलापर्यंत पोचेस्तोवर त्याचा जोर ओसरतो. म्हणून वरचा थर सुरीच्या बोथट बाजूने खरवडून काढा, भांडी घासायचा द्रव साबण थेट डागावर चोळा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग कपड्याला सोसेल तितक्या गरम पाण्याने धुवा. डाग गेला की नाही हे ओल्या कपड्यावर कळत नाही, कारण ओलं कापड सगळीकडेच गडद दिसतं. सावलीत वाळवून उजेडात धरून पाहा. तेलाचा अंश राहिलेला असताना इस्त्री फिरवली तर तो धाग्यात पक्का बसतो.

खरी अडचण येते ती एका डागात दोन डाग असले की. शाळेच्या पँटवर सायकलच्या साखळीचा काळा पट्टा लागतो, त्यात वंगण असतं आणि झिजलेल्या लोखंडाचा बारीक चुराही असतो. पँट साबणाने धुतली की काळेपणा जातो आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी छटा वर येते. डाग परत आला असं वाटतं, पण तो चुरा आता गंजलेला असतो. मग पाळी लिंबूफुलाची. हा क्रम उलटा करून चालत नाही. तेलाचा पापुद्रा वर असेपर्यंत आम्लाचं पाणी लोखंडापर्यंत पोचतच नाही.

शाईचंही तसंच आहे. बॉलपेनची शाई तेलकट द्रावकात मिसळलेला रंग असते, म्हणून पाण्याला दाद देत नाही आणि स्पिरिटने सुटते. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट आणा, गॅसपासून दूर बसा, डागाखाली जुनं सुती फडकं ठेवा आणि कापसाच्या बोळ्याने मागच्या बाजूने, कडेकडून मध्याकडे टिपत जा. खालच्या फडक्यावर निळं उतरू लागलं की उपाय लागू पडला. तो भाग भरला की फडकं सरकवायचं, नाहीतर निघालेली शाई पुन्हा शर्टात शिरते. फाउंटन पेनची धुता येणारी निळी शाई गार पाण्यानेच बरीचशी जाते. निळ्या-काळ्या शाईत मात्र कधीकधी लोहाचे क्षार असतात. निळेपणा धुतला गेला आणि मागे पिवळट तपकिरी ठसा राहिला, तर त्याला शाई म्हणून घासत बसू नका. तो गंजाचा भाऊ आहे, लिंबूफुलाने जाईल.

जेलपेनपुढे बहुतेक वेळा हात टेकावे लागतात. त्यातल्या बऱ्याच शायांत विरघळलेला रंग नसून रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण असतात, त्यांना ना पाणी विरघळवतं ना स्पिरिट. डाग ओला असतानाच गार पाण्याच्या धारेखाली मागून धुतला आणि साबण लावला, तर थोडं निघतं. वाळल्यावर तो फिकट झाला तरी पुष्कळ.