श्वासासकट उतरवलेला सूर्यनमस्कार

वर्गाचं रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द उतरवला, तरी हाती आसनांचा क्रम येत नाही, गप्पा येतात. सूर्यनमस्काराच्या वर्गात शिक्षक साधारण असं बोलतात : ‘श्वास घेत हात वर, थोडं मागे. काकू, मान सांभाळा. सोडत सोडत खाली वाका. उजवा पाय मागे, श्वास घ्या, नजर वर. छान, थांबा. सोडा, डावाही मागे, कंबर वर.’

यातून चार ओळी निघतात. हस्तउत्तानासनात पूरक, पादहस्तासनात रेचक, उजवा पाय मागे नेऊन अश्वसंचालनासनात पूरक आणि पर्वतासनात रेचक. आसनांची नावं शिक्षकांनी उच्चारलेलीच नाहीत. ती हातापायांच्या हालचालींवरून ओळखावी लागतात. काकूंना दिलेली सूचना क्रमात येत नाही, पण ‘मान जपा’ अशी टीप म्हणून हस्तउत्तानासनासमोर ठेवता येते.

‘सोडा’ हा शब्द अश्वसंचालनासनात असताना ऐकू येतो, पण तो रेचक पर्वतासनात जातानाचा आहे. म्हणून श्वास ज्या हालचालीबरोबर होतो, त्या हालचालीच्या ओळीत लिहायचा. आसन आणि श्वास जुळवताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘थांबा’ म्हणजे आसनात स्थिर राहा. त्याला कुंभक समजलं, तर वाचणारा विनाकारण श्वास कोंडून धरेल.

पुढे शिक्षक म्हणतात, ‘गुडघे, छाती, हनुवटी जमिनीला. आता श्वास घेत छाती वर.’ पहिल्या वाक्यात, म्हणजे अष्टांग नमस्कारात, श्वासाचा उल्लेखच नाही. आतापर्यंत पूरक-रेचक आलटून पालटून आले, म्हणून तिथे पूरक लिहिण्याचा मोह होतो. पण मग पुढच्या भुजंगासनातही पूरक आहे. लागोपाठ दोन पूरक दिसले, की कुठेतरी चुकलंय हे कळतं. बिहार योग परंपरेत अष्टांग नमस्कारात रेचकानंतर श्वास बाहेरच रोखतात. इतर काही परंपरांत श्वासाची मांडणी वेगळी असते. म्हणून ही जागा पुस्तकावरून भरायची नाही. ‘सांगितलेलं नाही’ अशी खूण करून शिक्षकांनाच विचारायचं.

बारा स्थिती झाल्यावर शिक्षक एवढंच म्हणतात, ‘आता डाव्या पायाने, तसंच.’ या एका वाक्यामागे आणखी बारा ओळी आहेत. त्या पूर्ण लिहाव्या लागतात, कारण चौथ्या आणि नवव्या स्थितीत पाय बदलतो. शिवाय रेकॉर्डिंगमधली वेळ प्रत्येक ओळीसमोर नोंदवली, तर शिक्षक गप्प असतानाचे काही सेकंदही हिशेबात येतात. नुसत्या शब्दांत ते हरवतात.

शेवटची तपासणी चटईवर होते. एकाने यादी संथपणे वाचायची आणि वर्गाला न आलेल्या दुसऱ्याने तेवढंच करायचं. करणारा हात वर असताना श्वास सोडावा की घ्यावा म्हणून अडखळला, तर त्या ओळीची वेळ पाहून रेकॉर्डिंगचा तेवढाच भाग पुन्हा ऐकायचा.